बाय पार्ट्सची टेबल पद्धत: e^x ला चालते, मग e^(2x) ला का नाही?

अबोली (मूळ पोस्ट, शनिवार रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे आणि सध्या घरात इंटिग्रेशन चालू आहे. मी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, पण त्याला आता तेवीस वर्षं झाली.

तिच्या क्लासमध्ये बाय पार्ट्ससाठी टेबल शिकवलं आहे. डावीकडे बहुपदीचे डेरिव्हेटिव्ह शून्य येईपर्यंत घेत जायचे, उजवीकडे e च्या पदाचं इंटिग्रल घेत जायचं, चिन्हं अधिक-वजा-अधिक-वजा, मग गुणाकार करून बेरीज. आमच्या वेळी हे नव्हतं. आम्ही "पहिलं तसंच, दुसऱ्याचं इंटिग्रल, वजा पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह गुणिले दुसऱ्याचं इंटिग्रल, या सगळ्याचं इंटिग्रल" असं घोकत होतो आणि x³ आला की पान भरायचं.

अडचण अशी आहे. ∫ x² e^x dx चं तिचं उत्तर e^x (x² − 2x + 2) + C आलं, बरोबर. x³ e^x सुद्धा बरोबर आलं. नंतर आलं

∫₀¹ x³ e^(2x) dx

पुस्तकातलं उत्तर (e² + 3)/8. तिचं (e² + 3)/4. तीनदा केलं, तीनदा तेच. आता तिचं म्हणणं आहे की ही पद्धत फक्त e^x साठीच आहे आणि e^(2x) आलं की जुन्याच पद्धतीने करायचं. मला ते पटत नाही, पण चूक काही मला सापडत नाही.

दुसरा प्रश्न: बोर्डाच्या पेपरात टेबल काढलं तर पूर्ण मार्क मिळतात का? कॉलेजच्या मॅडम नको म्हणतात, क्लासचे सर बिनधास्त काढा म्हणतात.

सातवा_डबा

ताई, पद्धत e^(2x) ला शंभर टक्के चालते. इंजिनिअरिंगला आम्ही हीच वापरतो, फक्त टेबल न काढता u v₁ − u′ v₂ + u″ v₃ − u‴ v₄ असं एका ओळीत लिहितो. फूरिए सिरीजमध्ये याच्याशिवाय पान हलत नाही.

आत्ता करून बघितलं. कंसात x³/2 − 3x²/4 + 3x/4 − 3/8 आणि बाहेर e^(2x). x = 1 ठेवलं की कंस 1/8 होतो, म्हणजे e²/8. x = 0 ला सगळं शून्य. उत्तर e²/8. पुस्तकातलं + 3 छपाईची चूक असणार.

पुलावरचा_माणूस

टेबल म्हणजे x आणि f(x) चा तक्ता ना? आम्ही साइटवर मातीकामाचं घनफळ तसंच काढतो. ठरावीक अंतरावर आडव्या छेदांची क्षेत्रफळं घ्यायची, तक्ता करायचा आणि सिम्प्सन लावायचा. त्यात डेरिव्हेटिव्हची काही गरज नसते. 0 ते 1 चे चार भाग करा, पाच किमती घ्या, झालं.

अबोली

@पुलावरचा_माणूस, नाही हो दादा, हे टेबल वेगळं. यात सूत्रातच उत्तर काढायचं असतं, आकडे नसतात.

@सातवा_डबा, पण मग तिचं + 3 आलंय ना? पुस्तकात + 3 आणि तिच्याकडेही + 3, फक्त खाली 8 ऐवजी 4. दोघांची एकच छपाईची चूक कशी होईल?

पुलावरचा_माणूस

बरं, गैरसमज झाला. पण गणित करून ठेवलंच होतं, तर टाकतो.

```
x      x³ e^(2x)
0      0
0.25   0.0258
0.5    0.3398
0.75   1.8907
1      7.3891
```

सिम्प्सन: 0.25/3 × [0 + 4(0.0258 + 1.8907) + 2(0.3398) + 7.3891] = 1.311

पाचच किमती घेतल्यात म्हणून थोडं इकडेतिकडे असेल. तुमच्यापैकी कोणाचं याच्या जवळ येतंय ते बघा.

खडूधूळ

पूलवाले दादा, तुम्ही प्रश्न वेगळा वाचलात, पण या धाग्यावरचं सगळ्यात उपयोगी काम तुम्हीच केलंत. आता तिन्ही उत्तरं आकड्यांत मांडू. e² म्हणजे 7.389.

पुस्तकाचं (7.389 + 3)/8 = 1.299.
लेकीचं त्याच्या दुप्पट, 2.597.
सातवा_डबा यांचं 7.389/8 = 0.924.

1.311 च्या शेजारी फक्त पुस्तकातलं बसतं. तेव्हा पुस्तक बरोबर आहे. सातवा_डबा, तुमचा कंस अगदी बरोबर आहे, पण x = 0 ला सगळं शून्य होत नाही. x असलेली तीन पदं जातात, शेवटचं −3/8 राहतं आणि e⁰ म्हणजे 1. खालची लिमिट वजा करताना ते + 3/8 होऊन येतं. बहुपदी गुणिले e च्या गणितात 0 ही लिमिट असली की शेवटचं सुटं पद हमखास विसरलं जातं, कारण मूळ फंक्शन 0 ला शून्य असतं आणि मन तेच धरून ठेवतं.

अबोली ताई, लेकीचं टेबल जसंच्या तसं इथे उतरवाल का? आणि गुणाकार ती कुठल्या घराचा कुठल्या घराशी करते, तेही लिहा. मला शंका आहे, पण टेबल बघितल्याशिवाय बोलत नाही.

सातवा_डबा

हो सर, चुकलं. −3/8 राहतंय. छपाईची चूक म्हणालो ते मागे घेतो.

कोकणकडा

टेबल कशाला हवं? उत्तर (Ax³ + Bx² + Cx + D) e^(2x) याच रूपाचं असणार हे उघड आहे. डेरिव्हेटिव्ह घ्या आणि x³ e^(2x) शी जुळवा. 2A = 1, 3A + 2B = 0, 2B + 2C = 0, C + 2D = 0. वरून खाली सोडवत या: 1/2, −3/4, 3/4, −3/8. ना चिन्हांचा स्तंभ, ना बाण.

अबोली

@खडूधूळ सर, वहीतून उतरवलं:

```
चिन्ह   D      I
 +     x³     e^(2x)
 −     3x²    e^(2x)/2
 +     6x     e^(2x)/4
 −     6      e^(2x)/8
 +     0      e^(2x)/16
```

आणि खाली लिहिलंय: x³ e^(2x) − (3/2) x² e^(2x) + (6/4) x e^(2x) − (6/8) e^(2x). म्हणजे प्रत्येक ओळीतले दोन आडवे गुणलेत. 1 ठेवलं की e²/4, 0 ठेवलं की −3/4, वजा केलं की (e² + 3)/4.

टेबल बरोबर वाटतंय मला.

खडूधूळ

टेबल अगदी स्वच्छ आहे. चूक टेबलाच्या खाली आहे: गुणाकार आडवा नाही, तिरका करायचा असतो. पहिल्या ओळीतला x³ दुसऱ्या ओळीतल्या e^(2x)/2 शी. दुसऱ्या ओळीतला 3x² तिसऱ्या ओळीतल्या e^(2x)/4 शी. चिन्ह मात्र डावीकडच्या ओळीचं. तसं केलं की

x³/2 − 3x²/4 + 6x/8 − 6/16

आणि बाहेर e^(2x). सातवा_डबा आणि कोकणकडा यांच्या कंसात हेच आहे.

आता तिच्या मनात ठसायला हवं की तिरकंच का. तुम्ही घोकत होतात तेच वाक्य घ्या आणि एकदाच लावा:

∫ x³ e^(2x) dx = x³ · e^(2x)/2 − ∫ 3x² · e^(2x)/2 dx

उजवीकडचं पहिलं पद टेबलात शोधा. x³ वरच्या ओळीत, e^(2x)/2 खालच्या ओळीत. "पहिलं तसंच" म्हणजे तो आपल्या ओळीत राहिला, "दुसऱ्याचं इंटिग्रल" म्हणजे तो एक ओळ खाली उतरला. म्हणून तिरकं. आता उरलेलं इंटिग्रल शोधा: 3x² आणि e^(2x)/2, दोन्ही दुसऱ्या ओळीत, आणि चिन्ह वजा, तेही त्याच ओळीचं. म्हणजे आडवा गुणाकारही टेबलात आहेच, पण तो इंटिग्रलच्या आत आहे. मी वर्गात एवढंच सांगायचो: तिरकं ते झालेलं, आडवं ते उरलेलं.

तुमच्या लेकीने उरलेल्या कामाचीच बेरीज केली, आणि तीही इंटिग्रलचं चिन्ह न लावता.

शेवटच्या ओळीत डावीकडे 0 येतो तेव्हा उरलेलं इंटिग्रल शून्याचं असतं, म्हणजे नुसता C. म्हणून तिथे थांबायचं. मधल्या कुठल्याही ओळीला थांबता येतं, फक्त त्या ओळीचा आडवा गुणाकार चिन्हासकट इंटिग्रलमध्ये लिहिला पाहिजे.

आणि तिचं x² e^x का बरोबर आलं? e^x चं इंटिग्रल e^x च. उजवा स्तंभ वरपासून खालपर्यंत एकसारखा. मग आडवं गुणा की तिरकं, हाताला तेच लागतं. ती पहिल्या दिवसापासून आडवंच गुणत होती, e^x ने ते झाकून ठेवलं. e^(2x) मध्ये प्रत्येक पदाला एक निम्मं करणं राहून जातं, म्हणून सगळं उत्तर बरोब्बर दुप्पट. e^(5x) असतं तर पाचपट आलं असतं.

अबोली

सर, हे वाचून मी आणि ती दोघी दहा मिनिटं टेबलाकडे बघत बसलो. तिने जाऊन जुनी वही काढली. सहा गणितं, सगळी e^x ची, सगळी आडवी, सगळ्यांवर बरोबरची खूण.

नागझिरा

सर, मीपण बारावीलाच आहे. आमच्याकडे फळ्यावर तिरके बाण काढले होते, पण सरांनी उदाहरणं सगळी e^x आणि sin x ची घेतली. sin x मध्ये आडवं केलं तर लगेच कळतं, कारण sin आणि cos बदलतात. e^x मध्ये खरंच कळत नाही.

माझा प्रश्न: ∫ x³ e^(x²) dx ला हेच टेबल लावायचं ना? बहुपदी आहे, e आहे. पण I च्या स्तंभात पहिलीच ओळ अडली. e^(x²) चं इंटिग्रल e^(x²)/(2x) घेतलं तर चालेल का?

सातवा_डबा

@नागझिरा, हो, चालेल. e^(2x) मध्ये आपण 2 ने भागतो ना, तसं इथे 2x ने.

चिंच_आवळा

@सातवा_डबा, थांबा थांबा. e^(x²)/(2x) चं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा. भागाकाराचा नियम लावला की e^(x²) च्या मागे − e^(x²)/(2x²) असं एक जास्तीचं पद येतं. 2 ने भागता येतं कारण 2 स्थिर आहे. घातांकात x चा नुसता पट असेल तरच हे जमतं. e^(x²) चं इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शनमध्ये लिहिताच येत नाही, त्यामुळे I चा स्तंभ पहिल्याच पायरीला बंद.

@नागझिरा, तुझ्या गणितात वाट आहे. x² = t ठेव. 2x dx = dt. x³ dx म्हणजे x² · x dx, म्हणजे t dt/2. उरलं ½ ∫ t e^t dt. आता टेबल दोन ओळींचं: ½ e^t (t − 1), म्हणजे ½ e^(x²) (x² − 1) + C. x³ ऐवजी x² असता तर मात्र सुटलं नसतं, कारण dt ला द्यायला एक x कमी पडला असता.

नागझिरा

कळलं. x⁵ असता तर t² e^t झालं असतं, बरोबर?

चिंच_आवळा

बरोबर, अर्ध्याने गुणून. विषम घात चालतात.

मी संख्याशास्त्र शिकवते, तर माझ्या कामातलं एक सांगते. ∫ x³ e^(−x) dx, 0 ते अनंत. आमच्याकडे हे रोज लागतं. उजवा स्तंभ: e^(−x), −e^(−x), e^(−x), −e^(−x), e^(−x). तिरकं गुणल्यावर

−e^(−x) (x³ + 3x² + 6x + 6)

अनंताकडे e^(−x) सगळ्यांना खाली ओढतो, काही उरत नाही. 0 ला x असलेली पदं जातात आणि फक्त 6 राहतो. उत्तर 6, म्हणजे 3!. x⁴ घ्या, 24 येईल. टेबलाचा डावा स्तंभ म्हणजे 1, 3, 3·2, 3·2·1 हा प्रवास, आणि शेवटच्या ओळीतून फॅक्टोरियल बाहेर पडतो. सातवा_डबा यांच्या हातून सुटलेलं पद तेच हे. इथे ते सोडलं तर उत्तर शून्य येईल, आणि सगळीकडे धन असलेल्या फंक्शनखालचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल?

आडवं गुणलं तर −6 येईल. दुप्पट-निम्मं नजरेतून सुटतं, ऋण क्षेत्रफळ सुटत नाही. म्हणून तिरक्या-आडव्याचा सराव e^x वर नको, e^(−x) वर करायला द्यावा.

खडूधूळ

@चिंच_आवळा, हे पटलं. मी e^(2x) देत होतो, पण e^(−x) मध्ये चूक आपण होऊन ओरडते. शिवाय धन सहगुणकांची बहुपदी आणि e^(−x) असेल तर तिरक्या बेरजेत सगळी पदं ऋण येतात. एखादं धन दिसलं की तिथेच चिन्ह चुकलंय. मुलं इथे घसरतात ती बहुधा दोन वजांमुळे. एक वजा चिन्हांच्या स्तंभातला, दुसरा इंटिग्रलमधून आलेला. दोन्ही वेगवेगळे लिहावेत. मनातल्या मनात एकत्र करायला गेलं की एक हरवतो.

कोकणकडा

माझ्या पद्धतीत हे काहीच होत नाही, हे परत सांगतो. आणि एकदा आकडे बघा: 1/2, मग −3 × (1/2) ÷ 2 = −3/4, मग −2 × (−3/4) ÷ 2 = 3/4, मग −1 × (3/4) ÷ 2 = −3/8. मागच्या पदाचा घात गुणिले त्याचा सहगुणक, भागिले 2, चिन्ह उलट. टेबलाशिवाय तोंडी उत्तर लिहिता येतं.

खडूधूळ

तोंडी लिहिता येतं हे खरं, आणि टेबलाचं उत्तर तपासायला ही साखळी फार चांगली आहे. पण बहुपदी x³ − 4x + 1 अशी असेल तर तुमच्या साखळीत प्रत्येक पायरीला मूळ सहगुणक मिसळावा लागतो. टेबलात अख्खी बहुपदी एका घरात बसते, x³ − 4x + 1, 3x² − 4, 6x, 6, 0, आणि काही वेगळं करावं लागत नाही.

कोकणकडा

समीकरणं चारच राहतात, उजवीकडे 1, 0, −4, 1 येतील एवढंच. मला हेच सोपं जातं.

खडूधूळ

तुमच्या हाताला बसलंय, ठीक आहे. बारावीच्या मुलाला मी टेबलच देईन.

पुलावरचा_माणूस

मला एक विचारायचं आहे. उत्तर दुप्पट आलंय हे दर वेळी सिम्प्सन न लावता कळण्याची काही खूण आहे का? परीक्षेत कोण पाच किमती काढत बसेल.

चिंच_आवळा

आहे. फक्त पहिलं पद बघायचं. उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की x³ e^(2x) परत यायला हवा, आणि x³ फक्त पहिल्या पदातूनच येऊ शकतो, बाकीची पदं x² किंवा त्याखालची. x³/2 · e^(2x) चं डेरिव्हेटिव्ह घेताना e^(2x) मधून 2 बाहेर येतो, 1/2 शी कटतो, x³ e^(2x) मिळतं. लेकीच्या उत्तरात पहिलं पद x³ e^(2x) होतं. त्यातून 2x³ e^(2x) येतं. पाच सेकंदांचं काम. e^(ax) असेल तर पहिल्या पदाच्या खाली a दिसलाच पाहिजे.

चिन्हांची चूक मात्र यातून सापडत नाही, कारण पहिलं पद बरोबरच असतं. त्यासाठी दुसरं पदही बघावं लागतं.

रानजाई

अबोली, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी ज्युनियर कॉलेजला आहे, बारावीचे पेपर बरीच वर्षं तपासले. माझ्यासमोर टेबल आलं, घरं नीट भरलेली असली आणि खाली तिरक्या गुणाकारांची ओळ पूर्ण लिहिलेली असली, तर मी कधी मार्क कापले नाहीत. पद्धत बाय पार्ट्सचीच आहे, मांडणी वेगळी. पण नुसतं टेबल आणि त्याखाली थेट उत्तर असेल, आणि उत्तर चुकलेलं असेल, तर मधल्या पायऱ्यांचे मार्क द्यायला माझ्या हातात काही राहत नाही. जुन्या पद्धतीत मुलगा तिसऱ्या पायरीला चुकला तर आधीच्या दोन पायऱ्यांचे देता येतात.

सातवा_डबा

माझ्या मित्राला टेबलाचे मार्क दिले नव्हते. कॉलेजची परीक्षा होती, बोर्डाची नव्हती. उत्तर बरोबर होतं.

रानजाई

असं होतं, नाही म्हणत नाही. तपासणाऱ्याने ही मांडणी कधी बघितलेली नसेल तर तो बुचकळ्यात पडतो. म्हणून मी माझ्या मुलांना सांगते, पहिली पायरी सूत्राने लिहा, u कोण, v कोण ते लिहा, मग टेबल. सीईटीत पर्याय असतात, तिथे प्रश्नच नाही.

खडूधूळ

माझं मत थोडं वेगळं आहे. एकदाच बाय पार्ट्स लागत असेल, x e^(2x) सारखं, तर टेबल काढूच नये. जुनी पद्धत दोन ओळींत होते. x² पासून पुढे टेबल. आणि त्याआधी मुलाने x² e^(2x) एकदा जुन्या पद्धतीने, दोनदा बाय पार्ट्स लावून, पूर्ण करावं आणि शेजारी टेबल काढून कुठलं पद कुठल्या तिरक्या रेषेतून आलं ते जुळवावं. ज्याने हे केलं तो आडवं गुणत नाही.

रानजाई

सर, पेपरात आठ मिनिटं उरलेली असताना "x ला टेबल नको, x² ला हवं" हे मुलाला आठवेल का? एकच सवय असू द्यावी असं मला वाटतं.

नागझिरा

मला रानजाई मॅडमचं पटतं. आणि एक गोंधळ अजून आहे. लायेटने पहिलं कोण ते ठरवायचं ना? मग बहुपदी नेहमी D मध्येच जाते का? x² log x ला मी x² डावीकडे घेतला आणि log x चं इंटिग्रल घेत बसलो.

चिंच_आवळा

नाही, log असेल तर log डावीकडे. मग डावा स्तंभ कधीच शून्य होत नाही: log x, 1/x, −1/x²... तिथे सर म्हणाले ते लागू होतं, "तिरकं ते झालेलं, आडवं ते उरलेलं." दुसऱ्या ओळीलाच थांब. तिरकं: (x³/3) log x. आडवं, वजा चिन्हासकट: −∫ (1/x)(x³/3) dx, म्हणजे −x³/9. संपलं. शून्याची वाट बघायची ती बहुपदी डावीकडे असेल तेव्हाच. पण हा धागा e चा आहे, log साठी नवीन काढ, मी येते तिथे.

अबोली (रविवार संध्याकाळी ६:१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते सांगते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे आधी तिने x² e^(2x) जुन्या पद्धतीने केलं आणि शेजारी टेबल काढलं. मग प्रत्येक तिरक्या जोडीवरून पेन्सिलने रेघ ओढून वरच्या पायरीतल्या पदाशी जोडली. आडव्या जोड्यांना तिने स्वतःच ∫ चं छोटं चिन्ह काढलं, आणि 0 च्या ओळीपुढे C लिहिला. तो C कुठून येतो हे मलाही पहिल्यांदाच असं दिसलं. आम्ही तो सवयीने लावत होतो.

मग चिंच_आवळा यांच्या सल्ल्याने ऋण घातांक दिला. ∫₀¹ x² e^(−3x) dx. तिचं टेबल:

```
चिन्ह   D      I
 +     x²     e^(−3x)
 −     2x     −e^(−3x)/3
 +     2      e^(−3x)/9
 −     0      −e^(−3x)/27
```

इंटिग्रल −e^(−3x) (x²/3 + 2x/9 + 2/27). सगळी पदं एकाच चिन्हाची, पहिल्या पदाखाली 3. पहिल्या प्रयत्नात मधलं पद धन आलं होतं, पण ते बघून तिनेच पकडलं. दोन वजांपैकी एक गिळला होता. लिमिट घालून 2/27 − 17e⁻³/27, आकड्यात 0.0427. खालच्या लिमिटचे 2/27 तिने सोडले नाहीत.

बोर्डात काय करायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. तिला टेबल हवंय, मला रानजाईंसारखी आधी एक पायरी सूत्राची हवी. सोमवारी ती मॅडमना विचारणार आहे.

पुलावरचा_माणूस

पाच किमती घेऊन बघितलं: 0, 0.0295, 0.0558, 0.0593, 0.0498. सिम्प्सनने 0.0430 येतंय. जुळलं.